वाराची पाळी की दिवसाची? एका सामाईक विहिरीच्या पाळीपत्रकाचा अभ्यास

सामाईक विहिरीवरचं भांडण बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होतं: "माझ्या पाळीला पाणीच नसतं." पुढचं वाक्य संशयाचं असतं. कुणीतरी रात्री मोटार चालवतं, कुणीतरी व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवतं. कधी ते खरंही असतं. पण चोरी कुणीच करत नसताना एका हिस्सेदाराला वर्षानुवर्षं कमी पाणी मिळू शकतं, आणि त्याचं कारण पाळी लावण्याच्या पद्धतीतच असतं. इथे मांडलेलं प्रकरण असंच आहे. अनेक विहिरींवर दिसणारी मांडणी एका विहिरीत एकत्र आणली आहे आणि हिशेब डोक्यात राहावा म्हणून आकडे पूर्णांकाजवळ ठेवले आहेत.

विहीर, हिस्से आणि जुनी पाळी

विहीर गोल, ६ मीटर व्यासाची, बांधीव. मूळ दोन भावांची, अर्धी-अर्धी. एका भावाचा अर्धा हिस्सा आजही एकाच घरात आहे. त्यांच्या रानाला मळा म्हणू. दुसऱ्या भावाच्या मुलांत वाटणी झाली, आणि त्यातला एक तुकडा विहिरीच्या हिश्श्यासकट विकला गेला. त्यामुळे चौथा हिस्सा ओढ्याकाठच्या रानाला आणि चौथा हिस्सा चढावरच्या माळाला आहे. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत हिस्से नोंदलेले आहेत: मळा १/२, ओढा १/४, माळ १/४. हिश्श्यांबद्दल वाद नाही. वाद पाळीचा आहे.

मोटार एकच, ५ अश्वशक्तीची पाणबुडी. काठावर तीन व्हॉल्व्ह आणि तिथून तीन पाइपलाइन. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज रोज ८ तास मिळते: सोमवार ते गुरुवार सकाळी ९ ते संध्याकाळी ५, आणि शुक्रवार ते रविवार रात्री १० ते पहाटे ६.

पाळी तोंडी ठरलेली होती आणि वाराला बांधलेली होती. ओढ्याला सोमवार-मंगळवार, मळ्याला बुधवार-गुरुवार-शुक्रवार, माळाला शनिवार-रविवार. वार कुणी विसरत नाही, म्हणून अशी पाळी सोपी वाटते. मळ्याला निम्म्याऐवजी सातांतले तीनच दिवस होते, पण त्या घराची तक्रार नव्हती. माळाची तक्रार होती की दारं धरायला कायम रात्रीच जावं लागतं. आणि ओढ्याची तक्रार होती ती वर लिहिलेली: दोन दिवसांची पाळी असूनही दीड एकर कांदा पुरा भिजत नाही, सोमवारी मोटार तासा-दीड तासात हवा ओढायला लागते. रविवारी रात्री माळवाले पाणी संपवतात, असा त्यांचा ठाम समज होता. माळवाले म्हणत, आम्ही आमच्या पाळीतच चालवतो. दोघंही खरं बोलत होते.

मोजणी

पत्रक लिहायला बसण्यापूर्वी तीन मोजमापं घ्यावी लागतात. ती नसतील तर कागदावर फक्त आधीचंच भांडण उतरतं.

पहिलं, विहिरीत पाणी किती मावतं. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर उंचीच्या पाण्यात सुमारे २८ हजार लिटर असतात. विहिरीच्या आतल्या भिंतीवर, काठावरून वाचता येईल अशी दर दहा सेंटिमीटरला ऑइलपेंटची खूण केली. शून्याची खूण मोटारीच्या तोंडापासून अर्धा मीटर वर ठेवली. शून्याला पाणी आलं की मोटार बंद करायची, म्हणजे ती कोरडी चालून जळत नाही आणि "अजून थोडं होतं" असा वादही उरत नाही.

दुसरं, मोटार किती पाणी टाकते. २०० लिटरचा बॅरल पाइपच्या तोंडाशी धरून घड्याळ लावलं. मळा आणि ओढ्याच्या तोंडाशी बॅरल ३६ सेकंदांत भरला, म्हणजे तासाला २० हजार लिटर. माळावर चढ आहे आणि पाइपही लांब आहे. तिथे ४५ सेकंद लागले, म्हणजे तासाला १६ हजार. हे मोजमाप प्रत्येकाच्या शेवटच्या तोंडाशी घ्यावं, विहिरीच्या काठावर नव्हे. काठावर सगळ्यांचं पाणी सारखंच दिसतं.

तिसरं मोजमाप सर्वांत महत्त्वाचं, आणि तेच कुणी घेत नाही: विहीर भरते कशी. मोटार थांबल्यावर शून्यापासून पाणी किती वेळात किती चढतं ते जानेवारीच्या सुरुवातीला वाचलं. ३ तासांत ०.८ मीटर, १८ तासांत ३ मीटर, ३१ तासांत ४.५ मीटर. त्यापुढे पाणी जवळजवळ चढत नाही. विहीर रिकामी असताना झरे जोरात असतात. आतलं पाणी जसं वर येतं तसा बाहेरच्या भूजलाशी असलेला उंचीचा फरक कमी होतो आणि झरा मंदावतो. मोटार चालू असतानाही झरे चालूच असतात. ते धरून मळा किंवा ओढ्याची मोटार पाण्याची पातळी तासाला सुमारे अर्धा मीटर उतरवते. माळाची मोटार हळू टाकते म्हणून पातळीही हळू उतरते, तासाला ३५ ते ४० सेंटिमीटर.

सोमवारचं कोडं

आता हे आकडे वारांवर मांडले की सगळं उलगडतं.

एरवी दिवसाच्या पाळीत मोटार सकाळी ९ ला सुरू होते, ६ तासांनी पाणी शून्याला येतं. दुसऱ्या सकाळपर्यंत १८ तास मिळतात, विहीर ३ मीटर भरते आणि पुन्हा ६ तास चालते. म्हणजे साधारण दिवस १ लाख २० हजार लिटरचा.

शुक्रवार निराळा. गुरुवारी दुपारी ३ ला मोटार थांबते आणि वीज थेट शुक्रवारी रात्री १० ला येते. मध्ये ३१ तास. विहीर ४.५ मीटर भरलेली असते आणि मोटार पुरे ८ तास चालते, १ लाख ६० हजार लिटर.

सोमवार याच्या उलट. रविवारी रात्री माळाची मोटार हळू टाकत असल्यामुळे पहाटेपर्यंत चालत राहते. पहाटे ६ ला ती थांबते आणि सकाळी ९ ला ओढ्याची पाळी सुरू होते. विहिरीला भरायला मिळतात ३ तास. ०.८ मीटर पाणी दीड तासात संपतं. ओढेवाले मग थांबून-थांबून मोटार चालवत, पण त्यातून येणारं पाणी त्यांच्याच मंगळवारच्या साठ्यातून जातं, आणि वारंवार चालू-बंद केल्याने मोटारीचं वाइंडिंग तापतं ते वेगळंच.

आठवड्याचा हिशेब असा निघाला. ओढ्याला सोमवारी दीड आणि मंगळवारी सुमारे सात तास, मिळून १ लाख ७० हजार लिटर. माळाला दोन रात्रींत अडीच लाख. मळ्याला तीन दिवसांत चार लाख. एकूण ८ लाख २० हजारांपैकी मळा ४९ टक्के, माळ ३०, ओढा २१. मळ्याला तीनच दिवस असूनही जवळजवळ निम्मं पाणी मिळत होतं, कारण शुक्रवार त्याच्याकडे होता. म्हणूनच त्या घराची तक्रार नव्हती. आणि माळ व ओढा यांचे हिस्से सारखे, दिवस सारखे, तरी दर आठवड्याला ८० हजार लिटरचा फरक. कुणी पाणी चोरलं नव्हतं. वीज सात दिवसांच्या चक्रात फिरते आणि पाळीही सात दिवसांचीच होती, त्यामुळे रात्रीवरून दिवसावर येण्याचा तोटा कायम एकाच्याच वाट्याला येत होता.

यातली दुसरी बाजूही ओढेवाल्यांना सांगावी लागली. बरोबर चौथा हिस्सा मिळाला तरी त्यांना आठ दिवसांना सुमारे २ लाख ३५ हजार लिटर मिळतील. कांद्याला एका पाण्याला एकरी निदान दोन लाख लिटर धरले, म्हणजे ५ सेंटिमीटर, तर त्यात सव्वा एकरापेक्षा कमीच कांदा बसतो. त्यांनी दीड एकर लावला होता. टंचाईचा मोठा भाग पाळीतून आलेला होता, पण उरलेला लागवडीतून.

एकक तास की दिवस

पाळी तासांत वाटावी, असं पहिल्यांदा प्रत्येकाला वाटतं. तास मोजता येतात, म्हणून ते न्याय्य वाटतात. इथे तसं केलं असतं तर माळावर अन्याय झाला असता. त्यांच्या मोटारीच्या तासाला १६ हजार लिटर, इतरांच्या तासाला २० हजार. सारखे तास म्हणजे माळाला पाचवा भाग कमी.

दिवस हे एकक धरलं की हा फरक विहीरच भरून काढते. जानेवारीत ३ मीटर पाणी मळा ६ तासांत उपसतो, तेच पाणी माळ ८ तासांत उपसतो. दोघांनाही पाणी जवळपास तेवढंच मिळतं. दिवस वाटून घेणं म्हणजे प्रत्यक्षात त्या दिवसाचा झरा वाटून घेणं.

याला एक मर्यादा आहे. पावसाळा संपल्यावर डिसेंबरपर्यंत झरे जोरात असतात आणि ८ तास सलग उपसूनही विहीर शून्याला येत नाही. त्या काळात टंचाई पाण्याची नसते, विजेच्या तासांची असते, आणि माळाला दिवसाला १ लाख २८ हजार तर इतरांना १ लाख ६० हजार लिटर मिळतात. त्यावर माळवाल्यांना थोडा मोठा पाइप टाकता येतो. पाळी बदलून त्याची भरपाई करायची नाही, असं ठरलं. चढाचं रान घेताना चढ माहीत होता, हा मळेवाल्यांचा मुद्दा माळवाल्यांनी मान्य केला. तो योग्यच होता असं वाटतं, कारण डिसेंबरपर्यंत कुणाचंच पीक पाण्यावाचून अडत नाही.

आठ दिवसांचं चक्र

पाळी वारांना न बांधता आठ दिवसांची केली. पहिला-दुसरा दिवस मळा, तिसरा-चौथा ओढा, पाचवा-सहावा मळा, सातवा-आठवा माळ. मळ्याला आठांतले चार, बाकीच्यांना दोन-दोन, म्हणजे हिस्सा तंतोतंत.

आठ आणि सात यांचं जमत नाही, हाच याचा फायदा. दर चक्राला पाळी एका वाराने पुढे सरकते. ५६ दिवसांत आठ सोमवार येतात आणि ते चक्रातल्या आठही दिवसांवर एकेकदा पडतात. सोमवारचा तोटा मळ्याला चारदा, ओढ्याला दोनदा, माळाला दोनदा. शुक्रवारचा लाभही तसाच. रात्रीच्या पाळ्याही हिश्श्याप्रमाणे फिरतात, म्हणजे माळाची तक्रारही याच बदलात मिटते. वेगळी भरपाई, वेगळं गणित काहीच लागत नाही. वीज कंपनीने रात्रीचे वार बदलले तरी हे टिकतं, फक्त विजेचं चक्र आठवड्याचं असलं पाहिजे.

चारच दिवसांचं चक्र करून एकेक दिवसाची पाळीही लावता आली असती. पण सरीने किंवा वाफ्याने भिजवताना एकरी एका पाण्याला ६ सेंटिमीटर धरले तर सुमारे २ लाख ४० हजार लिटर लागतात. दिवसाचं पाणी १ लाख २० हजार. म्हणजे दोन दिवसांची पाळी म्हणजे बरोबर एक एकर. एकेक दिवस दिला तर पाणी अर्ध्या एकरावर तुटतं, चार दिवसांनी पुन्हा कोरड्या सरीतून पुढे न्यावं लागतं, आणि भिजलेल्या भागातच पुन्हा जिरतं.

दिवस कधी बदलतो, हेही लिहावं लागलं. मध्यरात्री १२ ला बदलला तर रात्रीची वीज मधोमध कापली जाते: एकाला १० ते १२, दुसऱ्याला १२ ते ६. म्हणून पाळीचा दिवस सकाळी ८ ते दुसऱ्या सकाळी ८. त्यात दिवसाची वीज पूर्ण येते आणि रात्रीचीही पूर्ण येते. हे एवढं लिहिलेलं नसल्यामुळे शुक्रवारची रात्र कुणाची, यावर कितीतरी विहिरींवर बोलाचाली होते.

वीज गेली तर

लेखी पत्रकातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं कलम हेच असतं. तोंडी व्यवहारात नियम असतो, "गेला दिवस गेला." ऐकायला तो सगळ्यांना सारखा वाटतो. पण विहिरीवर तो दुहेरी चुकतो. ज्याच्या दिवशी डीपी जळाला त्याचं पाणी नाहीसं होत नाही. ते विहिरीत साठतं आणि पुढच्याला मिळतं. एकाचे ६ तास बुडतात आणि दुसऱ्याचे ८ होतात.

म्हणून नियम असा केला: वीज किंवा मोटार बिघडल्यामुळे त्या दिवशी मोटार ३ तासांपेक्षा कमी चालली, तर तो दिवस मोजायचा नाही, सगळी पाळी एक दिवस पुढे सरकते. ३ तास किंवा जास्त चालली, तर दिवस झाला. स्वतःचा पाइप फुटला, मजूर आला नाही, दारं धरायला कुणी नव्हतं, तर पाळी सरकत नाही. ३ तास ही साधारण दिवसाची निम्मी चाल आहे. पाण्याऐवजी वीज कमी पडते त्या महिन्यांत ही सीमा ४ तास धरावी.

पाळी सरकली की कोणत्या वाराला कोण, हा अंदाज बिघडतो. त्यामुळे वहीच्या शेऱ्यात "सोमवार कुणाला पडला" एवढी एक नोंद ठेवली. ५६ दिवसांनी कुणाला एखादा सोमवार जास्त आला असेल, तर पुढच्या फेरीत त्याची आणि ज्याला कमी आला त्याची एकदा अदलाबदल.

पत्रकाचा मजकूर

मसुदा मुद्दाम छोटा ठेवला. एका पानावर मावेल आणि विहिरीजवळच्या स्टार्टरच्या पेटीत लॅमिनेट करून लावता येईल एवढा.

"सातबाऱ्यावरील नोंदीप्रमाणे हिस्से: मळा १/२, ओढा १/४, माळ १/४. हे पत्रक फक्त पाळीचे आहे, याने कुणाचा हिस्सा कमी-जास्त होत नाही.

पाळीचा दिवस सकाळी ८ ते दुसऱ्या सकाळी ८. क्रम: मळा २, ओढा २, मळा २, माळ २. चक्र सुरू होण्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर.

पाणी शून्याच्या खुणेला आले की मोटार बंद. पाळी सोडताना आपला व्हॉल्व्ह पूर्ण बंद व ऑटो स्विच बंद. पाळी घेणाऱ्याने पातळी वाचून वहीत लिहावी. वाचताना सोडणारा हजर राहू शकतो.

वीज वा मोटार बंद राहून ३ तासांपेक्षा कमी उपसा झाल्यास दिवस धरू नये, पाळी पुढे सरकावी.

पाळी उसनी दिल्यास त्याच किंवा लगेच पुढच्या चक्रात परत करावी.

सकाळची पातळी ओळीने चार दिवस १.५ मीटरच्या खाली राहिल्यास एकेक दिवसाची पाळी: मळा, ओढा, मळा, माळ.

मोटार, केबल, गाळ व बांधकाम यांचा खर्च हिश्श्याने. वीजबिल मीटरचे असल्यास वहीतील तासांप्रमाणे, ठरावीक दराचे असल्यास हिश्श्याने.

या विहिरीचे पाणी हिश्श्याबाहेरच्या रानाला तिघांच्या सहीशिवाय देऊ नये."

खाली तिघांच्या सह्या, दोन साक्षीदार, तारीख, आणि प्रत्येकाकडे एक प्रत. या कागदाने हक्क निर्माण होत नाही. हक्क सातबाऱ्यावर आणि खरेदीखतात असतो. माळाच्या खरेदीखतात विहिरीचा हिस्सा लिहिला होता, पण पाइपलाइन मळ्याच्या बांधावरून जाते ते लिहिलेलं नव्हतं. ती वाटही पत्रकाला जोडून नकाशासह लिहून घेतली. असं संमतीने मिटलं नसतं तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४९ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा लागला असता. एखाद्याने पाळीच अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. इथेच वही उपयोगी पडते, कारण पाळी कुणाची होती आणि कधीपासून बंद झाली ते त्यात तारखेने दिसतं.

पत्रक लागू झाल्यावर काय बिघडतं

पहिला घोटाळा ऑटो स्विचचा. वीज आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून तो बसवतात. मळेवाल्यांची पाळी सकाळी ८ ला संपली, स्विच चालूच राहिला, ९ ला वीज आली आणि पाणी त्यांच्याच उघड्या व्हॉल्व्हमधून त्यांच्याच रानात गेलं. ओढेवाले साडेदहाला आले तेव्हा जवळपास पाऊण मीटर पातळी उतरलेली होती. हे मुद्दाम झालं नव्हतं, पण पाणी गेलं ते गेलंच. म्हणून पाळी सोडताना दोन गोष्टी बंद करायच्या असं पत्रकात लिहिलं. झिजलेला व्हॉल्व्हही असाच फसवतो: बंद दिसतो आणि झिरपत राहतो. आपल्या पाळीत दुसऱ्याच्या पाइपचं तोंड ओलं दिसलं की ते लगेच वहीत लिहावं.

दुसरा घोटाळा उसन्या पाळीचा, आणि तो मोठा. माळवाल्यांनी जानेवारीत आपले दोन दिवस गव्हासाठी मळ्याला दिले, "तुम्हाला लागेल तेव्हा घ्या" या शब्दावर. मार्चमध्ये परत मागितले. जानेवारीच्या दिवसाला १ लाख २० हजार लिटर होते. मार्चमध्ये झरा निम्म्यावर येतो, १८ तासांत विहीर दीड मीटर भरते आणि मोटार अडीच तास चालते, म्हणजे ५० हजार लिटर. दिवसाला दिवस परत मिळाला, पाणी निम्म्याहून कमी मिळालं. म्हणून परतफेड लगेच पुढच्या चक्रात करण्याचं कलम. ते जमणार नसेल तर उसनवार दिवसांत न लिहिता मीटरमध्ये लिहावी: "मळ्याकडे ६ मीटर येणे." पातळीची खूण असल्यामुळे हा हिशेब निरक्षर माणसालाही पटतो.

तिसरी अडचण वहीची. पहिले दहा-पंधरा दिवस सगळे लिहितात, मग विसरतात. पाच रकान्यांच्या वर वही चालत नाही: तारीख, कुणाची पाळी, सुरू करतानाची पातळी, सुरू-बंद वेळ, आणि शेरा. शेऱ्यात वीज गेली, डीपी, व्हॉल्व्ह झिरपतो, सोमवार, एवढंच. खोटी नोंद ओळखणं अवघड नाही. एकाने "शून्याला बंद केली, दुपारी ३" असं लिहिलं आणि दुसऱ्या सकाळी ९ ला विहीर ३ मीटरऐवजी दीड मीटरच भरलेली असेल, तर मोटार ३ ला बंद झाली नव्हती. झरा खोटं बोलत नाही. मात्र एकदाच असं दिसलं तर घाई करू नये. शेजारच्या विहिरीवर किंवा बोअरवर जोरात उपसा झाला तरी भरण कमी होतं. तेव्हा सगळ्यांच्याच पाळीत पातळी कमी दिसते. एकाच माणसानंतर दरवेळी कमी दिसली तरच त्याला विचारावं.

मार्चनंतर

सकाळची पातळी दीड मीटरच्या खाली गेली की दोन दिवसांच्या पाळीचं गणित मोडतं. दोन दिवसांत १ लाख लिटर म्हणजे वाफ्याने अर्धा एकरही नाही. इथपर्यंत ज्याचं पीक ठिबकवर आहे त्याला थोडं-थोडं पण लवकर-लवकर पाणी हवं असतं, म्हणून चार दिवसांचं एकेक दिवसाचं चक्र. चार आणि सात यांचंही जमत नाही, त्यामुळे सोमवार फिरत राहतो, २८ दिवसांत प्रत्येक जागेवर एकदा.

या टप्प्यावर पत्रकाने जे करू नये ते म्हणजे पिकाकडे बघून पाळी वाढवून देणं. मळेवाल्यांनी एक एकर ऊस लावला आणि एप्रिलमध्ये "ऊस जळतोय" म्हणून जास्त दिवस मागितले. ती मागणी मान्य झाली असती तर पुढच्या वर्षी तिघांनीही ऊस लावला असता. पाळी हिश्श्यावर चालते, पिकावर नाही. त्याऐवजी दिवाळीपूर्वी तिघांनी बसून आपापली रब्बीची लागवड वहीत लिहायची, असं ठरलं. चौथ्या हिश्श्याला आठ दिवसांत एक एकर भिजतं. गव्हाला सोळा दिवसांचं अंतर धरलं, म्हणजे दोन चक्रं, तर दोन एकर. हरभऱ्याला अंतर आणखी लांबवता येतं, त्यामुळे तो जास्त बसतो. अर्ध्या हिश्श्याला याच्या दुप्पट. हे आकडे कुणावर बंधन नाहीत, पण ते ओलांडून लावणाऱ्याला पुढे जास्त पाळी मागता येत नाही.

पावसाळ्यात पाळी बंद असते, ज्याला हवं त्याने चालवावं. पावसाने पंधरा दिवस ओढ दिली तर कुणाही एकाच्या सांगण्यावरून चक्र सुरू होतं, आणि ते जिथे थांबलं होतं त्याच्या पुढच्या दिवसापासून, पहिल्यापासून नाही. नाहीतर चक्राचा पहिला मान दरवेळी मळ्यालाच मिळतो. बॅरलची आणि भरणीची मोजणी दरवर्षी जानेवारीत पुन्हा करायची. मोटार बदलली, पाइप बदलला, गाळ काढला किंवा विहीर खोल केली की जुने आकडे लागू राहत नाहीत, आणि त्या वेळी १.५ मीटरची आणि ३ तासांची सीमाही नव्याने ठरवावी लागते.